आधी पैसे, मग पाकीट

सांगलीत आमचा भाजणीचा छोटा कारखाना आहे. मागच्या वर्षी ज्वारीच्या इडलीचं तयार पीठ काढायचं ठरलं आणि पाकिटांच्या छपाईची चौकशी केली. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, आमच्या डिझाइनला सहा. वर पाकिटांचा छापील रोल किलोच्या हिशेबात, ठरावीक वजनाखाली छापत नाहीत. निव्वळ वजन पाकिटावरच छापलेलं असतं, म्हणजे उद्या अर्ध्या किलोचं पाव किलो करायचं म्हटलं की उरलेली पाकिटं वाया आणि सिलिंडरही नवा.

म्हणून आधी साधे पाऊच, त्यावर स्टिकर, आणि पैसे आगाऊ. सोसायट्यांच्या ग्रुपवर क्यूआर कोड टाकला. शनिवारपर्यंत ३० अनोळखी घरांनी पैसे भरले तरच पुढे जायचं, हे आधीच वहीत लिहून ठेवलं. भाव अर्ध्या किलोला १४०, त्यात दुकानदाराचं मार्जिन धरलेलं. धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, ओळखीच्यांना तरी वीस रुपये कमी करूया." मी ठाम नाही म्हटलं. उद्या दुकानात ज्या भावाला विकायचं, त्याच भावाला घेतात का, हेच तर बघायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी वही उघडली. "मस्त", "आम्हालाही हवं" असे सत्तरेक मेसेज. पैसे भरलेले ३१, पण त्यातले १९ नातेवाईक आणि मैत्रिणी. अनोळखी फक्त १२. जाऊ हिरमुसली. मला मात्र ते मेसेज सोडवेनात. एवढ्यांना हवं आहे, मग अडलं कुठे? हवं म्हणून पैसे न भरलेल्यांना आम्ही दोघींनी तिथेच बसून फोन लावले.

मिरजेच्या एका काकू म्हणाल्या, "अहो, घरात आम्ही दोघंच. अर्धा किलो संपेपर्यंत ज्वारीचं पीठ कडू होतं. एका वेळचं द्या की!" खरंच आहे ते. दळलेल्या ज्वारीतलं तेल लवकर खवट होतं, गव्हासारखं ते टिकत नाही. पुढच्या तीन-चार फोनवरही हेच निघालं. भावाबद्दल कुणीच बोललं नाही.

पैसे भरलेल्यांना कबूल केल्याप्रमाणे अर्धा किलो पोचवलं. मग २०० ग्रॅमचं पाकीट ६५ रुपयांना, त्याच ग्रुपवर, त्याच पद्धतीने. किलोमागे हे महागच पडतं, तरी या वेळी अनोळखी ३८ आले.

तेवढ्यावरही मी सिलिंडर सांगितले नाहीत. पहिलं पाकीट माणूस नवलाईनेही घेतो. महिन्याभरात त्या ३८ पैकी ११ घरांनी आपणहून पुन्हा पैसे पाठवले, तेव्हा पीठ घरात रुळतंय असं वाटलं. पण अकरा घरांवर रोल छापता येत नाही. आता दोन दुकानांत स्टिकरची पाकिटं ठेवली आहेत, आणि तिथून पुन्हा मागणी किती दिवसांनी येते, ते वहीत मांडतो आहोत.