तुम्ही विचारलंत म्हणून: हिरवा की जांभळा

«मॅडम, नाव आणि रंग एकाच प्रश्नात का अडकवता? नाव चुकलं की पोरांचे रंगाचेही गुण जातात.»

हे मला मुलांनी विचारलं आहे, पालकांनी विचारलं आहे आणि शेजारच्या वर्गावर रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनीही. दर वेळी मी दोन वाक्यांत उत्तर देते, समोरचा मान हलवतो आणि पुढच्या वर्कशीटला तोच प्रश्न पुन्हा येतो. म्हणून या वेळी सगळं लिहिते, माझं चुकलेलंही.

[Co(NH3)4Cl2]Cl हे सूत्र घ्या. कंसाबाहेर एक क्लोराइड आहे, म्हणजे कंसातल्या आयनावर +1 प्रभार. अमोनियावर प्रभार नाही. आतल्या दोन क्लोराइडचे मिळून −2. तेव्हा कोबाल्ट +3. हे झालं की नाव सरळ लिहिता येतं: टेट्राअम्माइनडायक्लोरिडोकोबाल्ट(III) क्लोराइड. लिगंड, म्हणजे धातूला जोडलेले रेणू किंवा आयन, इंग्रजी वर्णक्रमाने लावायचे आणि तो क्रम बघताना टेट्रा, डाय हे उपसर्ग धरायचे नाहीत. अमोनिया लिगंड असतो तेव्हा «अम्माइन» मध्ये म दोनदा येतो, सेंद्रिय रसायनातल्या अमाइनमध्ये एकदाच. त्याचे मी गुण कापत नाही, पण लाल शाईने गोल करते.

आता रंगाकडे या. नावातल्या रोमन तीनावरून कळतं की कोबाल्टकडे सहा d इलेक्ट्रॉन उरले आहेत. लिगंडांची नावं सांगतात की d ऑर्बिटलच्या दोन गटांमधलं ऊर्जेचं अंतर किती पडेल, आणि ते अंतर ठरवतं की प्रकाशाचा कुठला भाग शोषला जाईल. आपल्याला दिसतो तो उरलेला भाग. सहाही जागी अमोनिया असेल, तर शोषण 475 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्यात होतं आणि संयुग पिवळं-नारिंगी दिसतं. एक अमोनिया काढून तिथे क्लोराइड बसवा. क्लोराइड दुबळा लिगंड आहे, अंतर कमी होतं, शोषण 530 च्या आसपास हिरव्यात सरकतं आणि संयुग जांभळट-लाल दिसतं. (काही तक्त्यांत 535 पुढे «पिवळा» छापलेलं असतं. ती तरंगलांबी हिरव्यातच येते. मुलं तक्ता पाठ करतात आणि पूरक रंग जुळवताना गोंधळतात.)

म्हणजे मुलाने नाव लिहिताना ज्या पायऱ्या चढल्या, त्यांच्यावरूनच त्याला रंगापर्यंत जायचं आहे. ज्याने फक्त आतले दोन क्लोराइड मोजले आणि कोबाल्ट(II) लिहिलं, त्याच्याकडे सात d इलेक्ट्रॉन आले. आता तो रंगाचं कारण लिहील ते एका वेगळ्याच आयनाचं. आणि तरी तो «d–d संक्रमणामुळे» असं लिहून पूर्ण गुण मागतो, म्हणजे d ऑर्बिटलमधला इलेक्ट्रॉन एका गटातून दुसऱ्यात गेल्यामुळे, कारण हे शब्द कुठल्याही रंगाखाली चालतात असं त्याला वाटतं. पोटॅशियम परमँगनेटखालीही तो तेच लिहितो. त्याचं पद्धतशीर नाव लिहायला लावलं की मँगनीजपुढे (VII) येतं, d इलेक्ट्रॉन शून्य होतात आणि d–d चा प्रश्नच उरत नाही. तो गडद जांभळा रंग ऑक्सिजनकडून मँगनीजकडे इलेक्ट्रॉन सरकण्याचा आहे. नाव नीट लिहिलं असतं, तर उत्तर तिथेच सापडलं असतं. मी नाव आणि रंग जोडते ते यासाठी.

इथपर्यंत मी ठाम आहे. पुढचं सांगायला मला बरीच वर्षं लागली.

शिकवायला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. वर्कशीटमध्ये पाच गुणांचा एक प्रश्न मी घातला: टेट्राअम्माइनडायक्लोरिडोकोबाल्ट(III) क्लोराइडचं सूत्र लिहा, स्फटिकांचा रंग सांगा आणि कारण द्या. माझ्या उत्तरपत्रिकेत रंग होता हिरवा. एका मुलीने लिहिलं जांभळा. शेजारी तिने मध्ये कोबाल्ट आणि सहा टोकांवर लिगंड असं अष्टफलक काढलं होतं, आणि त्यात दोन्ही क्लोराइड एकमेकांना लागून, शेजारच्या टोकांवर. मी रंगाचे आणि कारणाचे, तिन्ही गुण कापले.

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. म्हणाली, «मॅडम, दोन क्लोरीन शेजारी-शेजारी असले तर?»

मी म्हटलं, «नावात तसं कुठे लिहिलंय?»

ती म्हणाली, «समोरासमोर आहेत असंही नाही लिहिलेलं.»

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी उत्तरपत्रिकेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, «इथे हिरवा आहे.» ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग तिने विचारलं, सिल्व्हर नायट्रेट घालून ठरवता येईल का. मी म्हटलं, हो, कर की. मी तेही विचार न करता बोलले. सिल्व्हर नायट्रेट कंसाबाहेरचं क्लोराइड मोजतं, आणि बाहेर दोन्ही रचनांमध्ये एकच आहे. ताज्या, गार द्रावणात दोन्हींकडून एक मोल सिल्व्हर क्लोराइडच मिळणार. त्या चाचणीतून तिला काहीच हाती लागलं नसतं. ती वही मिटून गेली. पुढे वर्षभर वर्गात तिने मला काही विचारलं नाही.

ती बरोबर होती. दोन्ही क्लोराइड समोरासमोर असले, तर ते ट्रान्स, हिरवं. शेजारी असले तर सिस, जांभळं. सूत्र एकच, वजन एकच, आणि माझ्या प्रश्नात दिलेलं नावही दोघांना सारखंच लागू. नाव मुलांनी लिहिलेलंच नव्हतं, ते मी दिलं होतं, आणि ते अपुरं होतं. «नाव चुकलं की रंग चुकतो» हे वाक्य त्या दिवशी मलाच लागू पडत होतं आणि गुण मात्र तिचे गेले.

मला हिरवं इतकं खात्रीचं का वाटलं, तेही सांगते. कॉलेजात मी त्याच कुळातलं एक संयुग बनवलं होतं. चार अमोनियांच्या जागी त्यात एथिलीनडायअमाइनचे दोन रेणू असतात, प्रत्येक रेणू दोन जागा धरतो. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लातून गडद हिरवे स्फटिक आले. थोडे पाण्यात विरघळवून मी बशी वाफेवर ठेवली होती, तर कडेने जांभळा थर धरला. मी तो मळ समजून धुवून टाकला. उदासीन द्रावण असं वाफेवर आटवणं ही त्या ट्रान्सपासून सिस मिळवण्याची नेहमीची कृती आहे, हे मला नंतर वाचून कळलं. म्हणजे त्या मुलीचं उत्तर मी तिच्या आधी कित्येक वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

आणि हा साधासुधा तपशील नव्हे. 1852 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ फ्रेमीने या अमोनिया-कोबाल्ट क्षारांना नावंच रंगांवरून दिली होती: पिवळ्याला लुटिओ, जांभळट-लालला पुरपुरिओ, हिरव्याला प्रासिओ. तेव्हा नाव आणि रंग एकच होते. 1893 मध्ये रसायनशास्त्रज्ञ वेर्नरने अष्टफलकाची कल्पना मांडली. ती खरी असेल, तर चार अमोनिया आणि दोन क्लोराइडची नेमकी दोन रूपं मिळायला हवीत. षटकोनात किंवा त्रिकोणी लोलकात ती तीन झाली असती. एथिलीनडायअमाइनच्या मालिकेत दोन्ही रंग माहीत होते, पण साध्या अमोनियाचं फक्त हिरवं हाती होतं. वेर्नरची कल्पना न मानणाऱ्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योर्गेन्सेनचा विरोध याच रिकाम्या जागेवर टिकून होता. 1907 मध्ये वेर्नरला जांभळं मिळालं आणि योर्गेन्सेनने मान्य केलं. माझ्या वर्कशीटवर मी चूक म्हणून कापलेलं संयुग ते हेच.

त्या वेळची मी आज समोर असते तर म्हणाली असती: मग रंगावरूनच नावं ठेवा ना, पोरांना सोपं जाईल. तेही टिकत नाही. कोबाल्टच्या जागी ऱ्होडियम घालून केलेल्या क्षाराला रचनेच्या साम्यामुळे पुरपुरिओ म्हटलं गेलं, आणि तो पिवळा आहे. ऱ्होडियममध्ये ऊर्जेचं अंतर इतकं वाढतं की शोषण दृश्य प्रकाशाच्या पलीकडे सरकतं, त्याची फक्त कड जांभळ्यात उरते. पेंटाअम्माइनक्लोरिडोऱ्होडियम(III) क्लोराइड म्हटलं की निदान नाव खोटं बोलत नाही.

पण दुसऱ्या बाजूनेही मला कबूल करावं लागतं. सिस आणि ट्रान्स लिहून नाव पूर्ण केलं, तरी बारावीच्या मुलाला त्यावरून हिरवा काढता येत नाही. दोघांतही तेच सहा लिगंड आहेत, तेव्हा आपण शिकवतो त्या एकाच अंतराच्या हिशेबाने दोघांचा रंग एक यायला हवा. प्रत्यक्षात क्लोराइड समोरासमोर आले की एक अक्ष दुबळा पडतो आणि शोषणाचा पट्टा फुटून दोन होतात. एक तांबड्याकडे सरकतो, दुसरा निळ्या टोकाकडे राहतो आणि मधला हिरवा सुटतो. सिसमध्ये ही फूट निम्मीच असते, म्हणून पट्टा एकसंध दिसतो आणि हिरवं-पिवळं शोषून जांभळं उरतं. हे अभ्यासक्रमात नाही. मग «कारण द्या» असं विचारण्याचा मला अधिकार होता का? नव्हता. आता त्या संयुगाबाबत मी रंग दिलेला ठेवते आणि दोन्ही रचना काढून दोन्ही पूर्ण नावं लिहायला सांगते. कारण विचारते ते पिवळ्या आणि जांभळट-लाल जोडीचं, जिथे एका लिगंडाच्या बदलाने काम भागतं.

राहिले गुण. ज्याने कोबाल्ट(II) लिहिलं आणि पुढे सात इलेक्ट्रॉन धरून तर्क अगदी शुद्ध चालवला, त्याला काय द्यायचं? गेल्या वर्षी मी कारणाचे अर्धे दिले. ज्याचं नाव बरोबर होतं आणि ज्याने खाली फक्त «d–d संक्रमण» लिहिलं, त्यालाही अर्धेच दिले. दोन्ही पेपर शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसले होते. पहिल्याला जास्त द्यावेत असं वाटत होतं, पण दिले नाहीत. यंदाही तीच जोडी समोर येणार आहे आणि माझं अजून ठरलेलं नाही.