तुम्ही विचारलंत म्हणून: मिच्छा मि दुक्कडं

'संवत्सरीला तुम्ही जैन लोक मिच्छामि दुक्कडम् म्हणता, ती शुभेच्छा असते का? आम्ही उलट काय म्हणायचं?'

शुभेच्छा नव्हे, त्यामुळे 'धन्यवाद, तुम्हालाही' असे उत्तर आले की मला थोडे हसू येते. हेच शब्द उलट म्हणावेत, तेवढे पुरते.

शब्द प्राकृत आहेत. जोडून लिहिल्यामुळे 'मिच्छामि' हे 'वंदामि'सारखे क्रियापद वाटते आणि 'मी क्षमा मागतो' असा अर्थ घेतला जातो. प्रत्यक्षात पदे तीन आहेत. मिच्छा म्हणजे मिथ्या, मि म्हणजे माझे आणि दुक्कडं म्हणजे दुष्कृत: माझे दुष्कृत मिथ्या होवो, त्याला फळ न येवो. यात क्षमा हा शब्दच नाही. तो 'खामेमि सव्वजीवे, सव्वे जीवा खमंतु मे' या गाथेत येतो, जिथे सर्व जीवांची क्षमा मागून त्यांनीही आपल्याला क्षमा करावी असे म्हटले जाते.

संवत्सरी हा श्वेतांबरांच्या आठ दिवसांच्या पर्युषणाचा शेवटचा दिवस. तो भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आणि काही पंथांत पंचमीला येतो. त्या दिवशी वर्षभराच्या दोषांचे प्रतिक्रमण, म्हणजे त्यांपासून मागे फिरणे, होते आणि मग माणसे एकमेकांना हे शब्द म्हणतात. दिगंबरांची क्षमावाणी दशलक्षण पर्वाचे दहा दिवस सरल्यावर असते. तिथे 'उत्तम क्षमा' अधिक ऐकू येते.

मात्र हे वाक्य वर्षातून एकदाच म्हणायचे नाही. माझी आजी सामायिकाला, म्हणजे 48 मिनिटे समभावाने बसायला, कटासन अंथरायची तेव्हा आधी इरियावहियं सूत्र म्हणायची. तिथवर चालत येताना पायाखाली काय आले असेल, याची ती उजळणी असते: दव, मुंग्यांचे वारूळ, शेवाळ, चिखल, कोळ्याचे जाळे. पुढे एका इंद्रियापासून पाच इंद्रियांपर्यंतचे जीव येतात आणि त्यांना लाथाडले, धुळीने झाकले, एकत्र गोळा केले, एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवले, जिवानिशी मारले, अशी एकेक कृती सांगून शेवटी 'तस्स मिच्छा मि दुक्कडं' येते. मुंगीला जागेवरून हलवणे हेही तिथे दुष्कृतच मोजले आहे.

अहिंसेचा अर्थ मला या यादीतूनच कळला. शब्दशः ती हिंसेचा अभाव. पण अहिंसा हा नुसता अभाव नव्हे, ते व्रत आहे. साधूंसाठी ते महाव्रत असते, तर गृहस्थांसाठी अणुव्रत, कारण चूल पेटवणाऱ्याला आणि शेत नांगरणाऱ्याला ते पूर्णपणे पाळणे शक्य नसते. जे पाळता आले नाही, त्यासाठी वरचे तीन शब्द आहेत.

एरवी भेटल्यावर नुसते 'जय जिनेंद्र' म्हणा. जिन म्हणजे ज्याने आसक्ती आणि द्वेष जिंकले तो, आणि या अभिवादनाला तिथी लागत नाही.