कागद पांढरा नसतो

हौशी नाटकमंडळींच्या सूचनापत्रकाचं मूळ फाइलशी नातं फार दिवस टिकत नाही. फाइल कुणाच्या तरी जुन्या संगणकाबरोबर जाते आणि उरते ती छापील प्रत. मग कुणीतरी ती स्कॅन करतं आणि पुढची सगळी वर्षं तोच स्कॅन फिरत राहतो. आमच्या पत्रकात एक ओळ आहे: ‘तालमी रोज संध्याकाळी सहा वाजता सुरू होतील, उशीर करू नये.’ तालमीची वेळ साडेसहा झाली. म्हणजे एका पानात फक्त दोन अक्षरं वाढवायची.

पहिला सुचणारा उपाय म्हणजे ओळीवर पांढरा चौकोन ठेवून वर नवी ओळ टाइप करायची. ती अंगावर चिकटपट्टी लावल्यासारखी दिसते. कारण उघड आहे, पण कळायला पान चारपट मोठं करून बघावं लागतं. स्कॅनमधला कागद पांढरा नसतोच. रंग टिपायचं साधन त्यावर टेकवलं तर एका ठिकाणी #F3EFE4 येतं, दोन पिक्सेल सरकलं की #F1EDE3. कागदाचे तंतू, काचेवरची धूळ, स्कॅनरच्या सेन्सरची खरखर, सगळं मिळून तो रंग सतत हलत असतो. आपला चौकोन मात्र #FFFFFF, आणि तोही प्रत्येक बिंदूला तसाच. डोळ्याला रंगातला फरक एक वेळ चालतो, पण निर्जीव सपाटपणा लगेच खटकतो.

म्हणून झाकायला रंग वापरायचा नाही, कागद वापरायचा. त्याच पानातली, शक्यतो त्याच उभ्या पट्ट्यातली कोरी जागा उचलायची, कारण पानाच्या डावीकडे आणि उजवीकडे उजेड सारखा नसतो. परिच्छेदांमधली कोरी पट्टी ओळीपेक्षा अरुंद असेल तर क्लोनच्या साधनाने थोडं थोडं नेत जावं. कडा तीन-चार पिक्सेल मऊ ठेवाव्यात. कोऱ्या जागेत एखादा ठळक ठिपका असेल तर तो दोनदा उमटणार नाही हे बघावं, कारण तोच ठिपका दोन जागी दिसला की चोरी तिथेच पकडली जाते.

आता अक्षरं. आमचं पान ३०० डीपीआयला स्कॅन केलेलं होतं आणि मजकूर १४ पॉइंटचा, म्हणजे साधारण ५८ पिक्सेलचा. आकार जुळवणं सोपं. फॉन्ट जुळवणं मात्र देवनागरीत जरा छळतं. युनिकोडच्या बऱ्याच फॉन्टांत काही न सांगता टाइप केलं तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. ओळीची भाषा मराठी आहे असं फॉन्टला सांगितलं, आणि फॉन्टात ती सोय असली, की ते आपल्या वळणाचे होतात. आमच्या ओळीत ‘तालमी’, ‘होतील’ आणि ‘उशीर’ असे तीन साक्षीदार होते. वरच्या ओळीत मराठी ‘ल’ आणि खालच्यात हिंदी, हे वाचणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, पण काहीतरी परकं आहे एवढं जाणवतं.

मग जागेचा प्रश्न. ओळ दोन्ही कडांना टेकलेली, आणि ‘साडे’ला सुमारे नव्वद पिक्सेल हवेत. ओळीत दहा शब्द, म्हणजे नऊ फटी. प्रत्येक फट दहा पिक्सेलने आवळली की हिशेब बसतो. फक्त ‘सहा’ खोडून तिथेच ‘साडेसहा’ कोंबण्यापेक्षा सगळी ओळ नव्याने लिहिणं बरं ते यासाठी.

देवनागरीत एक सोय आहे जी दुसऱ्या बऱ्याच लिप्यांना नाही, ती म्हणजे शिरोरेषा. पान स्कॅनरवर किती तिरकं ठेवलं गेलं हे ती स्वतःच सांगते. आमच्या ओळीत पहिल्या अक्षराची शिरोरेषा आणि शेवटच्याची, यांच्यात आडवं अंतर १७०० पिक्सेल आणि उंचीत फरक १७. म्हणजे शंभरात एक, अंशात सांगायचं तर सुमारे ०.५७. नवी ओळ तेवढीच कलती करायची. हे न करता सरळ ओळ ठेवली तर एका टोकाला ती शेजारच्या ओळीजवळ सरकते, दुसऱ्या टोकाला लांब जाते. हीच शिरोरेषा चुगलीही करते: नव्या ओळीची रेघ जुनीपेक्षा एक पिक्सेल जाड-बारीक झाली तरी ती ओळभर पसरलेली दिसते. अख्खं पान सरळ करून घेण्याचा मोह होतो, पण फिरवताना प्रत्येक पिक्सेल नव्याने मोजला जातो आणि जुनी अक्षरं उगाच मऊ होतात. मी नवी ओळच वाकवतो.

शेवटी शाई. छापील काळाही काळा नसतो. अक्षराच्या पोटात #2E2B2C सारखं काही मिळतं आणि कडेला तो हळूहळू कागदात विरतो. म्हणून नव्या ओळीचा रंग पानातल्याच अक्षरातून उचलायचा, मग तिला गाउशियन ब्लर अगदी थोडा, ०.६ ते ०.८ पिक्सेल, आणि त्यानंतर किंचित नॉइज. क्रम हाच, कारण स्कॅनरमध्येही आधी भिंग कडा मऊ करतं आणि खरखर सेन्सरवर मागाहून येते. ब्लर फक्त अक्षरांच्या लेअरवर द्यायचा. खालचा कागद तर मुळातच खरा आहे, त्याला हात लावला की तोच सपाट होतो. जेपीईजीत साठवलेल्या पानावर जुन्या अक्षरांभोवती करड्या भुशीसारखे ठिपके असतात, त्यामुळे काम पीएनजीत करून अगदी शेवटी एकदाच जेपीईजी करावं म्हणजे नव्या ओळीलाही थोडी भुशी लागते. (पान केवळ काळ्या-पांढऱ्या दोन छटांत स्कॅन केलेलं असेल, तर यातलं काही लागत नाही. तिथे खरोखरच पांढरं असतं.)

तपासणीची एक खाष्ट पद्धत आहे: लेव्हल्समध्ये कागदाच्या छटा ताणून अतिरेकी कॉन्ट्रास्ट द्यायचा. डोळ्याला न दिसलेली ठिगळाची चौकट तिथे लख्ख उमटते. आणखी एक गोष्ट डोळ्याला दिसतच नाही. पीडीएफवर नुसता चौकोन ठेवला असेल तर खाली जुनं चित्र शाबूत असतं. शिवाय स्कॅनला आधी ओसीआर केलेलं असेल तर अदृश्य मजकुरात ‘सहा वाजता’ तसंच राहतं. दिसतं साडेसहा, पण शोधलं किंवा कॉपी केलं की जुनी वेळ बाहेर येते. म्हणून पान चित्र म्हणून बाहेर काढायचं, त्याचा नवा पीडीएफ करायचा आणि ओसीआर पुन्हा चालवायचं.

एवढी कलाकुसर आपण स्वतः लिहिलेल्या पत्रकालाच शोभते. दुसऱ्याच्या सहीच्या, शिक्क्याच्या, दाखल्याच्या कागदावर ही सारी हातसफाई म्हणजे सरळसरळ बनावट, तिथे दुरुस्ती ज्याची त्याने करून द्यायची. आमच्या पत्रकातही पानाच्या तळाशी ‘सुधारित’ आणि तारीख टाकली आहे. जुनी प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांनी सहाला येऊन दार ठोठावू नये म्हणून. ती ओळ मी मिसळवली नाही: कोरा काळा रंग, कडा धारदार, अजिबात न कलता.