‘मोजलेला परिणाम’ या चौकटीत गेलेले अकरा दिवस

अर्जातल्या त्या एका चौकटीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. शिक्षण, अनुभव, अपेक्षित पगार हे सगळं एका संध्याकाळी टिळकवाडीतल्या खोलीवर बसून भरून टाकलं. मग आली ती चौकट: तुम्ही घेतलेला प्राधान्यक्रमाचा एक निर्णय, त्यासाठी काय मागे ठेवलं, आणि मोजलेला परिणाम, 300 शब्दांत. जागा पुण्यातल्या एका कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजरची. पान वीस मिनिटं तसंच राहिलं की लॉगआउट, आणि लिहिलेलं सगळं गायब. माझं दोनदा गेलं. तेव्हा उत्तर आधी बाहेर लिहा आणि मग तिथे चिकटवा, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मी बेळगावातल्या एका लहान फर्ममध्ये दूध संकलनाचं सॉफ्टवेअर बघतो. चिकोडी, निपाणी, खानापूर या भागातली चाळीस सेंटर आमच्याकडे आहेत. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घालतो, ऑपरेटर लिटर, फॅट आणि एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक टाकतो, पावती निघते, आणि दहा दिवसांनी बिल. अडचण नेटची. पाऊस लागला की खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत लाइट आणि नेट जोडीनेच जातात. मग ऑपरेटर वहीत लिहून ठेवणार आणि रात्री सॉफ्टवेअरमध्ये चढवणार, त्यात 4.2 चा फॅट 2.4 होणार. बिलाच्या दिवशी सेक्रेटरीचा फोन यायचा, “लेक्क सरी इल्ला री!” म्हणजे हिशोब जमत नाही. पुढची बोलणी मराठीत, आवाज तेवढाच मोठा.

त्याच वेळी सहा सेंटरवाल्या एका डेअरीच्या चेअरमनना मोबाइलवर रोजचा रिपोर्ट हवा होता, आणि त्यांचा करार संपायला तीन महिने उरले होते. आमच्याकडे डेव्हलपर दोनच, दोन्ही कामं सहा-सहा आठवड्यांची. नेट नसतानाही सॉफ्टवेअरमध्ये नोंद करता यावी, हे काम मी आधी घेतलं आणि रिपोर्ट पुढच्या तिमाहीवर ढकलला. रिपोर्ट दिवसातून एकदा एकजण बघणार, नोंद मात्र प्रत्येक सभासदाची दिवसातून दोनदा होते, आणि चुकली तर पैसे त्याचे जातात. चेअरमनसाहेबांनी करार वाढवला नाही.

हे सगळं अर्जात मी छान लिहिलं. राइसचा तक्तासुद्धा जोडला, म्हणजे किती लोकांपर्यंत पोचणार, किती फरक पडणार आणि आपली खात्री किती यांचा गुणाकार, भागिले मेहनत. खरं सांगायचं तर खात्रीचा आकडा मी 50 टक्क्यांचा 80 केला तेव्हाच मला हवं ते काम वर आलं. असला तक्ता जोडू नका. वाचणाऱ्याला तो कसा जमवलाय ते कळतं.

परिणामाच्या ओळीत मी लिहिलं, “दुरुस्त्या 61 टक्क्यांनी कमी झाल्या.” अभिमानाने लिहिलं. चार दिवसांनी अर्ज परत आला, सोबत एकच प्रश्न: “पहिली सेंटर कशी निवडली होती?”

पहिल्यांदा वाटलं, यांना काय करायचंय? बदल आधी बारा सेंटरना दिला, चार बिलांनंतर उरलेल्या अठ्ठावीसना. ती बारा का? तर तिथून सगळ्यात जास्त फोन यायचे म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना प्रश्न डोक्यात शिरला. सगळ्यात वाईट अवस्थेतली सेंटर निवडली, तर त्यांतली काही केवळ त्या महिन्यात वाईट असणार. एखाद्या ठिकाणी नवा ऑपरेटर, एखाद्या ठिकाणी मशीन बिघडलेलं. आपण काहीही केलं नसतं तरी त्यांचा आकडा थोडा खाली आलाच असता. म्हणजे 61 मध्ये माझं किती आणि नशिबाचं किती, हे मलाच सांगता येत नव्हतं.

त्यात आधीचे आकडे मी कधी काढूनच ठेवले नव्हते. सुदैवाने बिलाआधी एखादी नोंद बदलली की सॉफ्टवेअर जुना आकडा, नवा आकडा आणि वेळ साठवून ठेवतं. तो साठा उतरवून घ्यायला आणि चाळायला तीन रात्री गेल्या. नुसत्या दुरुस्त्या मोजून उपयोग नव्हता, कारण पावसानंतर हिरवा चारा आला की दूध वाढतं आणि नोंदीही वाढतात. म्हणून हजार नोंदींमागे किती दुरुस्त्या, असं मोजलं.

पहिल्या बारा सेंटरमध्ये हजारी 31 वरून 12 वर आलं होतं. माझे 61 टक्के ते हेच. त्याच काळात बदल न मिळालेल्या अठ्ठावीसमध्ये 22 वरून 20, म्हणजे ऋतूमुळे आपोआप फारसं काही सुधारत नव्हतं. मग त्या अठ्ठावीसना बदल मिळाला आणि 20 चे 13 झाले. तेव्हा पहिली बारा 12 च्या आसपासच होती. ही अठ्ठावीस सेंटर सगळ्यात वाईट म्हणून निवडलेली नव्हती, जी उरली होती ती सगळी. म्हणून विश्वास ठेवण्याजोगा आकडा हाच: हजारी सात, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. सेंटरला सरासरी 120 सभासद, दिवसाला दोन वेळा, दहा दिवस, असा हिशोब धरला तर त्या अठ्ठावीस सेंटरमध्ये एका बिलामागे साधारण 470 दुरुस्त्या कमी.

61 खोडून 35 लिहिताना जीव तुटला, हे कबूल करतो. दोन दिवस दोन्ही आकडे लिहायची पळवाट शोधत होतो. शेवटी 35 ठेवला, आणि पहिल्या बाराचा मोठा आकडा का धरला नाही ते एका वाक्यात सांगितलं. माझ्या मते अख्ख्या अर्जातलं तेच वाक्य सगळ्यात कामाचं ठरलं.

एक राहिलंच. नेट आल्यावर नोंदी वर चढतात तेव्हा सुरुवातीला काही नोंदी दोनदा चढल्या. पाठवताना मध्येच नेट तुटलं की फोन तीच नोंद पुन्हा पाठवायचा. मग पावती निघतानाच फोनवर तिला स्वतःचा क्रमांक द्यायला लावला आणि तो क्रमांक आधीच आलेला असेल तर नोंद नाकारायची, असं केलं. हे बिघडणं मी पहिल्या अर्जात लपवलं होतं, दुसऱ्यात घातलं. दुरुस्त्या कमी झाल्या आणि दुसरीकडे काही वाढलं का, हे तुम्ही नाही सांगितलं तर समोरचा विचारतोच.

आणि काय सोडलं ते आकड्यात लिहा. “एक ग्राहक नाराज झाला” असं मी आधी लिहिलं होतं. नंतर “चाळीसपैकी सहा सेंटर गेली” असं लिहिलं. वाचताना बोचतं, पण मुलाखतीत पंचेचाळीस मिनिटांतली वीस त्या सहा सेंटरवरच गेली. रिपोर्ट आधी केला असता तर ती राहिली असती का, असं मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं. मी म्हणालो, बहुतेक राहिली असती. मग तरी हाच निर्णय घ्याल का? चौतीस सेंटरच्या सभासदांचं बिल बरोबर निघतंय, म्हणून घेईन, पण करार संपायच्या आधी चेअरमनसाहेबांकडे स्वतः जाऊन महिनाभर तो रिपोर्ट हाताने एक्सेलमध्ये करून देईन. हे तेव्हा सुचलं नव्हतं, मुलाखतीच्या आदल्या रात्री सुचलं.

नोकरी लागली. पुढच्या महिन्यात पुण्याला जातोय. फर्ममधल्या शेवटच्या आठवड्यात चेअरमनसाहेबांचा फोन आला, रिपोर्ट तयार झाला का म्हणून. झालाय म्हणालो. सोमवारी निपाणीला दाखवायला जायचं ठरलंय.