‘काठ थोपटी’ सुटलं, ‘पुन्हा’ अडलं

संगम माहुलीच्या कवितेतल्या या दोन ओळी गेल्या खेपेपासून अडून बसल्या होत्या:

माहुलीतला काठ थोपटी
कृष्णेचे जळ संथ सावळे

पादाकुलक वृत्ताच्या सोळा मात्रा प्रत्येक ओळीत बरोबर भरतात, दोन्ही अर्ध्यांत आठ-आठ. चालीत म्हटलं, पहिल्या आणि नवव्या मात्रेवर टाळी दिली, तरी कुठे खोट नाही. पण कविता आधी न पाहिलेल्या माणसाकडून वाचून घेतली, तर तो ‘काठ’नंतर हमखास थबकतो. लिहिणाऱ्याची जीभ सरावलेली असते, म्हणून ही परीक्षा दुसऱ्याच्याच तोंडून घ्यावी.

दोष चालीत लपला होता. चालीत शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारला जातो, ‘काठऽ थोपटी’, आणि ठ-थ यांच्यामध्ये जिभेला उसंत मिळते. बोलताना तो ‘अ’ गळतो. ‘काठ्’साठी टाळूकडे वळलेली जीभ लगेच दातांवर आणावी लागते, तीही दोन्ही महाप्राण नीट सांभाळून. पुढे ‘थोपटी’चं ‘थोप्टी’ होतं आणि जीभ पुन्हा टाळूकडे. म्हणून आता प्रत्येक ओळ दोनदा वाचायची: मात्रांसाठी चालीत, व्यंजनांसाठी गप्पा मारल्यासारखी. फोनवर रेकॉर्ड करताना फोन तोंडासमोर न धरता वीतभर बाजूला धरा, नाहीतर ठ, थ, फ यांचा वारा माइकवर आदळतो आणि खरी अडखळण ऐकूच येत नाही. मेट्रोनोमपेक्षा टाळी बरी. त्याच्या ठोक्याला माणूस ओळ ओढूनताणून बसवतो.

‘घाट थोपटी’ने काही साधलं नाही, ट-थ ही तीच उडी. ‘काठ कुरवाळी’ कानाला गोड, पण नऊ मात्रा होतात. ‘कडा थोपटी’त शब्द स्वरावर संपतो, त्यामुळे अडखळण जाते, पण माहुलीला कडा कुठला! ‘तीर थोपटी’ जवळजवळ पक्कं झालं होतं, तेवढ्यात घाटाच्या पायऱ्या सुचल्या:

माहुलीतली पायरी पुसे
कृष्णेचे जळ संथ सावळे

पाय्-री-पु-से! मात्रा आठच, प-प जुळले, आणि पाण्याचं कामही जास्त नेमकं झालं. तीन नव्या वाचकांपैकी एकही अडखळला नाही.

मग तिसरी ओळ घेतली, ‘पुन्हा पुन्हा लाट ये पुढे’, आणि नवं दुखणं निघालं. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, या हिशेबाने ‘पुन्हा पुन्हा’च्या आठ मात्रा धरल्या होत्या. पण ‘न्ह’चा आघात ‘पु’वर येत नाही. ‘तुम्ही’, ‘कुऱ्हाड’ यांतही पहिलं अक्षर लघुच राहतं. म्हणजे खऱ्या मात्रा सहा, आणि ‘लाट’वरची टाळी दोन मात्रा आधीच पडते. तूर्त ‘परत परतुनी लाट ये पुढे’ असं केलंय. चालीत आणि बोलीत दोन्हीकडे बसतं.

पुढच्या वेळी दुसरं कडवं टाकणार होते, पण आधी पहिल्या मसुद्यातले सगळे न्ह, म्ह, ऱ्ह पेन्सिलीने गोल करून मात्रा पुन्हा मोजायच्या आहेत.