‘बुकिंग रद्द करतो’ असं लिहून देऊ नका

तुम्ही विचारलंत म्हणून : “बिल्डर ताबा द्यायचं नाव घेत नाही. आम्ही बुकिंग रद्द केलं तर तो दहा टक्के कापून घेईल का? आणि व्याज खरंच मिळतं, की नुसतं कागदावर?”

कापून घेऊ शकणार नाही, आणि व्याज मिळतं. पण पहिल्या पत्रात तुम्ही काय लिहिता यावर पुढचं बरंचसं ठरतं, म्हणून तिथूनच सांगते.

आमचा फ्लॅट पनवेलच्या बाजूला होता. किंमत ४८ लाख. करारनाम्याची नोंदणी जून २०१८ मध्ये झाली आणि त्यात ताब्याची तारीख होती ३१ डिसेंबर २०२०. आम्ही ३६ लाख भरले होते, त्यातले ८ आमच्या साठवणीतले आणि २८ बँकेचे. २०२१ संपत आलं तरी इमारत नवव्या स्लॅबवर उभी होती आणि लिफ्टच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलेलं. घरभाडं आणि हप्ता दोन्ही चालू होतं. शेवटी आम्ही दोघं बिल्डरच्या ऑफिसात जाऊन पैसे परत मागितले. तिथल्या मुलीने अगदी गोड बोलून एक छापील अर्ज पुढे केला, ‘कॅन्सलेशन रिक्वेस्ट फॉर्म’. कारणाच्या रकान्यात पेन्सिलीने आधीच लिहून ठेवलं होतं : वैयक्तिक अडचण. “मॅडम, ही फक्त फॉर्मॅलिटी आहे,” म्हणाली. नवऱ्याने पेन काढलंसुद्धा होतं.

ती पेन्सिलची अक्षरं मला आजही दिसतात. त्या अर्जावर सही केली असती तर आमच्या मर्जीने बुकिंग सोडल्याचं झालं असतं. मग करारनाम्यातलं कलम लागू झालं असतं : ग्राहकाने रद्द केल्यास दहा टक्के जप्त, आणि उरलेले पैसे तो फ्लॅट दुसऱ्याला विकला गेल्यावर, बिनव्याजी. अर्ज न भरता आम्ही उठलो, ही त्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ठरली.

बिल्डर आणि घरखरेदीदार यांच्या व्यवहारांसाठी केलेल्या रेरा कायद्याचं कलम १८ वेगळी गोष्ट बोलतं. करारातल्या तारखेला बिल्डर ताबा देऊ शकला नाही, तर ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडण्याचा हक्क आहे, आणि त्याने मागणी केली की भरलेली रक्कम व्याजासह परत करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. इथे करार मोडला तो बिल्डरने, त्यामुळे जप्तीचं कलम येतच नाही. कायद्यात शब्द ‘मागणी’ असा आहे, तेव्हा मागणी लेखी हवी. आमच्या पत्रात चारच गोष्टी होत्या : करारनाम्याचा नोंदणी क्रमांक, ताब्याची ठरलेली तारीख, ती उलटून गेली म्हणून आम्ही कलम १८ खाली प्रकल्पातून बाहेर पडत आहोत हे वाक्य, आणि आजवर भरलेल्या प्रत्येक रकमेची तारीखवार यादी. बिल्डरच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने आणि त्याच दिवशी ईमेलने पाठवलं. जानेवारी २०२२ ची गोष्ट.

उत्तर आलं, त्यात दोन कारणं होती. पहिलं कोविड. ते अगदीच खोटं नव्हतं. महारेराने, म्हणजे महाराष्ट्रात रेरा कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या प्राधिकरणाने, २०२० मध्ये प्रकल्पांना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली होती. पण ती धरली तरी जून २०२१ ला मुदत संपत होती, आणि आम्ही जानेवारी २०२२ मध्ये बोलत होतो. शिवाय नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात सांगितलं होतं की परताव्याचा हा हक्क बिनशर्त आहे, अनपेक्षित घटना किंवा कोर्टाची स्थगिती आली म्हणून तो जात नाही.

दुसरं कारण असं की महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची सुधारित तारीख डिसेंबर २०२३ आहे, म्हणजे अजून उशीर झालेलाच नाही. यावर भलेभले लोक गप्प बसतात, कारण तारीख खरोखरच तिथे दिसते. ती तारीख बिल्डर आणि प्राधिकरण यांच्यातली आहे, प्रकल्पाच्या नोंदणीची आहे. तुमच्या हक्काची तारीख तुमच्या करारनाम्यातली. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच नीलकमल रिअल्टर्सच्या निकालात हे स्पष्ट केलं होतं की नोंदणी करताना नवीन तारीख दिली म्हणून जुना करार नव्याने लिहिला जात नाही.

एक मात्र बघा : हे सगळं इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळण्याआधी करा. ओसी आली, ताबा घ्या असं पत्र आलं आणि त्यानंतर तुम्ही परतावा मागितलात, तर तुमची बाजू बरीच पातळ होते. मग ‘उशिराचं व्याज घ्या आणि घरही घ्या’ याकडेच गाडी वळण्याची शक्यता जास्त.

तक्रार आम्ही मार्चमध्ये ऑनलाइन केली, पाच हजार रुपये फी भरून. वकील केला नाही. पावत्या, बँकेचं विवरण, करारनामा आणि ते पत्र, एवढीच फाईल. कायद्यात साठ दिवस लिहिलेत, पण आदेश हातात यायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. सुनावणी व्हिडिओवर झाली, मोजून दहा मिनिटं.

आता व्याजाबद्दल नीट सांगते, कारण खरी लबाडी इथे होते. महाराष्ट्राच्या नियमांत दर ठरलेला आहे : स्टेट बँकेचा सर्वात जास्त एमसीएलआर, म्हणजे बँकेने कर्जासाठी ठरवलेला पायाभूत व्याजदर, अधिक दोन टक्के. दराबद्दल कोणी भांडत नाही. भांडण असतं व्याज कधीपासून मोजायचं यावर. आदेशानंतर बिल्डरच्या अकाउंटंटने पाठवलेल्या तक्त्यात प्रत्येक रकमेपुढे एकच तारीख होती, १ जानेवारी २०२१. म्हणजे ताबा चुकला तेव्हापासून व्याज. प्रकल्पात थांबून राहणाऱ्याला, ज्याला घर हवंच आहे त्याला, उशिराचं व्याज तसं मिळतं. बाहेर पडणाऱ्याला नाही. कायद्यात व्याजाच्या व्याख्येखालीच लिहिलंय की बिल्डरला रक्कम ज्या दिवशी मिळाली त्या दिवसापासून ती परत देईपर्यंत व्याज.

फरक किती पडतो ते आमच्याच आकड्यांवर बघा. हिशेब सोपा राहावा म्हणून दर १० टक्के आणि सरळव्याज धरते. जून २०१८ ला ४ लाख ८० हजार दिले, डिसेंबर २०१८ ला १२ लाख, जून २०१९ ला १२ लाख आणि डिसेंबर २०१९ ला ७ लाख २० हजार. जून २०२३ पर्यंत त्यांचं व्याज अनुक्रमे २ लाख ४० हजार, ५ लाख ४० हजार, ४ लाख ८० हजार आणि २ लाख ५२ हजार, म्हणजे एकूण १५ लाख १२ हजार होतं. बिल्डरच्या पद्धतीने ३६ लाखांवर अडीच वर्षांचं व्याज ९ लाख. एका तारखेमुळे सहा लाखांच्या वर रक्कम गायब! तक्ता इतका नीटनेटका छापलेला होता की मी दोनदा वाचूनही मला आधी कळलं नव्हतं.

आणखी एक, सरकारकडे गेलेला पैसा, म्हणजे मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि कर, हा अशा आदेशांत बहुतेक वेळा वगळलेला असतो. आमच्याही होता. त्याकडे मी शेवटी येते.

आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. बिल्डरने पाळला नाही तर पुन्हा महारेराकडे अर्ज करून वसुली वॉरंट काढून घ्यावं लागतं. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. नवऱ्याच्या एका सहकाऱ्याचं वॉरंट तहसील कार्यालयात कित्येक महिने पडून आहे, कारण बिल्डरच्या नावावर जप्त करण्याजोगं काही सापडत नाही. आणि कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तर वसुली थांबतेच. म्हणून आदेशाच्या आधीपासून बिल्डरचे दुसरे प्रकल्प कुठे आहेत, कुठली जागा कुणाच्या नावावर आहे, हे टिपून ठेवा. तहसीलदारांना तुम्हीच ते सांगायचं असतं.

आमच्या बाबतीत ती वेळ आली नाही, त्याचं कारण कलम ४३. बिल्डरला अपिलात जायचं तर ग्राहकाला द्यायची सगळी रक्कम व्याजासह आधी न्यायाधिकरणात भरावी लागते. पन्नास लाख भरून भांडण्यापेक्षा तडजोड बरी, असं त्याच्या वकिलाने ठरवलं असावं. एप्रिलमध्ये फोन आला : तीन हप्त्यांत देतो, आधी रद्दलेख करून द्या.

रद्दलेख म्हणजे करारनामा रद्द केल्याचा नोंदणीकृत दस्त. तो केला की तुमचा फ्लॅटवरचा हक्क संपला, आणि हातात उरतात पुढच्या तारखांचे धनादेश. म्हणून शेवटचा पैसा आल्याशिवाय तो करायचा नाही, हे आमचं पक्कं होतं. पण आमच्या गळ्याशी दुसरी तारीख आली होती. मुद्रांक शुल्क सरकारकडून परत मिळू शकतं, मात्र त्यासाठी ताबा घेण्याआधी आणि करारनामा केल्यापासून पाच वर्षांच्या आत नोंदणीकृत रद्दलेख व्हावा लागतो, आणि त्यानंतर सहा महिन्यांत अर्ज. आमची पाच वर्षं जून २०२३ च्या बाराव्या दिवशी संपत होती. बिल्डरचे हप्ते सप्टेंबरपर्यंत जात होते. तडजोड मान्य केली असती तर मुद्रांक शुल्क गेलं असतं.

तेव्हा मी एकच अट घातली : हप्ते नकोत, दुय्यम निबंधकांच्या टेबलापाशी पूर्ण रकमेचे डिमांड ड्राफ्ट द्या, तिथेच सही करते. त्याच्या बदल्यात नुकसानभरपाईचा वेगळा दावा मी करणार नाही, हे लिहून दिलं. ते मी सोडलं, त्याचं मला वाईट वाटतं, पण तेव्हा तेच योग्य होतं.

५ जूनला आम्ही गेलो. दोन ड्राफ्ट होते, एक बँकेच्या नावे कर्जखात्याच्या बाकीचा आणि दुसरा आमच्या नावे. बँकेचा माणूस मूळ करारनामा घेऊन आला होता, कारण तो त्यांच्याकडे तारण होता आणि मुद्रांक शुल्काच्या अर्जाला मूळ प्रतच लागते. हे बँकेशी आधी पंधरा दिवस पत्रव्यवहार करून ठरवून घ्यावं लागलं. ड्राफ्टवरचे आकडे नवऱ्याने मोठ्याने वाचले, मी माझ्या तक्त्याशी ताडून बघितले, मग अंगठा यंत्रावर ठेवला. पहिल्यांदा ठसा उमटला नाही. ऑपरेटर म्हणाला, “ताई, बोट पुसून ठेवा.” पदराला बोट पुसलं आणि पुन्हा ठेवलं.

मुद्रांक शुल्काचा अर्ज त्याच आठवड्यात केला.