‘चोरी करताना दिसतो’ असं लिहा म्हणे!

सामानाच्या खोलीतून एक खोकं गायब झालं आणि सीसीटीव्हीचं फुटेज बघून अहवाल लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. फुटेज काढण्यात काही अडलं नाही. अडलं ते वरच्या ऑफिसात. अहवाल परत आला, वर शेरा: ‘सदर इसमाने चोरी केल्याचे स्पष्ट नमूद करावे.’

आता कॅमेऱ्यात होतं काय? कॅमेरा ३ फक्त दार दाखवतो, खोलीच्या आतलं काही दिसत नाही. मी लिहिलं होतं:

‘२१:१४:०८ वाजता व्यक्ती १ फ्रेमच्या डावीकडून येते. दोन्ही हात दिसतात, हातांत वस्तू दिसत नाही. २१:१४:१५ ला दारातून आत जाते. २१:१६:०२ ला बाहेर येते, दोन्ही हातांत खोक्यासारखी वस्तू आहे. वस्तूवरचा मजकूर वाचता येत नाही. २१:१६:०९ ला उजवीकडून फ्रेमबाहेर जाते.’

यात चोरी कुठे आहे? तेच खोकं होतं का, न्यायला कुणी सांगितलं होतं का, हे कॅमेऱ्याला ठाऊक नाही. ते स्टॉक रजिस्टर आणि माणसांचे जबाब सांगतील. पण साहेबांना माझं लिहिणं गुळमुळीत वाटलं. ‘घाबरून इकडेतिकडे बघतो, हे तरी घाला,’ म्हणाले. मी घातलं: ‘दारापाशी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळते.’ फुटेजला आवाज नव्हता. कुणी हाक मारली असेल तर मला कसं कळणार?

मग पुढची मागणी: ‘त्या वेळात दुसरं कुणी आत गेलं नाही, असं लिहा.’ रेकॉर्डिंग हालचाल झाली तरच सुरू होणारं, आणि मधले ३८ सेकंद त्यात नव्हतेच. म्हणून लिहिलं, ‘उपलब्ध फुटेजमध्ये दुसरी व्यक्ती दिसत नाही, २१:१५:१० ते २१:१५:४८ रेकॉर्डिंग नाही.’ शर्टाचा रंगही टाळला. कॅमेरा नाइट मोडवर असला की काळं कापडसुद्धा फिकट दिसू शकतं, त्यामुळे ‘चित्र कृष्णधवल, कपड्यांचा रंग सांगता येत नाही’ एवढंच. वॉचमन म्हणाला, चालीवरून ओळखतो मी त्याला. ओळखत असेल, पण तो त्याचा जबाब, वेगळ्या कागदावर.

हो, घड्याळाचं राहिलं. डीव्हीआरचं घड्याळ माझ्या मोबाइलपेक्षा ६ मिनिटं पुढे होतं. वेळा स्क्रीनवरच्याच ठेवाव्यात, स्वतः दुरुस्त करू नयेत; फरक किती आणि कधी तपासला ते सुरुवातीलाच लिहावं. डावं-उजवंही बघणाऱ्याच्या बाजूने, हेही तिथेच.

शेवटी मी म्हटलं, चोरीचं वाक्य हवं असेल तर खाली तुमच्या सहीने घाला. कुणी घातलं नाही. माझा अहवाल आहे तसा पुढे गेला.